एक टीबी टाकला, पण गेला कुठे?

शुक्रवारची रात्र. ऑफिस संपलं, पाय सोफ्यावर, हातात गेमिंगचं हॅण्डहेल्ड आणि नवा गेम टाकायला जागाच नाही! २०२३च्या आरओजी अ‍ॅलायमध्ये ५१२ जीबीचा एसएसडी येतो. विंडोज त्यातले ४७६ जीबीच दाखवतं आणि एकटा ‘बाल्डर्स गेट ३’ १५० जीबी मागतो. शेवटी माझा फ्लॅटमेट एक टीबीचा एसएसडी घेऊनच आला.

घेताना माप बघा, बॉस. या अ‍ॅलायला २२३० लागतो, म्हणजे ३० मिलिमीटर लांबीचा. लॅपटॉपमधला नेहमीचा २२८० आत मावतच नाही. आत स्लॉटही एकच, म्हणून नवा ड्राइव्ह आधी यूएसबी केसमध्ये घालून जोडायचा. यूएसबी-सी पोर्टही एकच असल्याने मध्ये चार्जिंगचं हब लावा किंवा बॅटरी फुल करून घ्या.

क्लोन करण्याआधी सेटिंग्जमधलं Device encryption बंद करा आणि ते पूर्ण उतरू द्या. नाहीतर नव्या ड्राइव्हवर विंडोज रिकव्हरी की मागत बसू शकतं. मग ड्राइव्ह निवडताना आकडा बघा: ४७६चा जुना, ९३१चा नवा. इथे उलटापालट झाली तर कोरा ड्राइव्ह जुन्यावर उतरतो आणि गेमचे सगळे सेव्ह साफ! आम्ही दोघांनी तीनदा तपासलं.

पुढचं काम स्क्रू-ड्रायव्हरचं. अ‍ॅलाय पूर्ण शटडाऊन करा, मागचे सहा स्क्रू सोडवा (खालचा मधला स्क्रू सैल होतो, पण बाहेर येत नाही), कव्हर हलकेच उचला आणि सर्वांत आधी बॅटरीचं कनेक्टर काढा. एसएसडी एकाच छोट्या स्क्रूवर असतो.

विंडोज झक्कास सुरू झालं. पण C: तेवढाच! डिस्क मॅनेजमेंटमध्ये उरलेली जागा दिसत होती, आणि Extend Volume मात्र करडं पडलेलं. कारण साधं आहे. विंडोज C:ला फक्त लगेच उजवीकडच्या रिकाम्या जागेत पसरू देतं. मध्ये रिकव्हरीचं छोटं पार्टिशन ठाण मांडून बसलं होतं. वैतागून ते डिलीट करू नका, विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची साधनं त्यातच असतात. पार्टिशन सॉफ्टवेअरने ते अगदी उजव्या टोकाला सरकवलं आणि Extend Volume जिवंत झालं. शेवटी अ‍ॅडमिन टर्मिनलमध्ये हे बघा:

```
reagentc /info
```

Enabled दिसलं की रिकव्हरी शाबूत. काही क्लोनिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लोन करतानाच ही मांडणी बदलता येते. तसं केलं तर हा ताप वाचतो.

आणि हो, जुना ड्राइव्ह लगेच पुसू नका. आठवडाभर कपाटात राहू द्या. नवा रुसलाच, तर घरी परत आणायला तोच आहे!