अकरा इलेक्ट्रॉनांचा चेहरा

माझ्या मेहुण्याचं औषधांचं दुकान आहे. दुकानाचं तोंड पश्चिमेला, दर्शनी भागाला काचेचं दार, आणि मागच्या भिंतीवर, बरोबर दाराकडे रोखलेला कॅमेरा. एका दुपारी गल्ल्याजवळ ठेवलेला मोबाइल गेला. रेकॉर्डिंग लावून पाहिलं तर बाहेरचा रस्ता पांढराफट्ट आणि काउंटरपाशी एक काळी आकृती. आकृतीला टोपी होती की केस वाढलेले, तेही कळेना. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे हो हा!" खरं आहे. 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांहून अधिक पिक्सेल आणि सेकंदाला 25 चित्रं. दर सेकंदाला पाच कोटींहून अधिक वेळा प्रकाश मोजला जात होता आणि तरीही एक नाक सापडत नव्हतं.

गडबड पिक्सेलच्या संख्येत नव्हती, एकेका पिक्सेलच्या पोटात होती. थोडा हिशेब करू. रस्त्यावर दुपारचं ऊन 50,000 लक्स धरू आणि दुकानातला ट्यूबलाइटचा उजेड 150 लक्स. बाहेर उभी पांढरी गाडी तिच्यावर पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्के परत फेकते, म्हणजे 40,000. आत उभ्या माणसाची कातडी तीसेक टक्के फेकते, म्हणजे 45. त्याचा काळा शर्ट पाच टक्के, म्हणजे जेमतेम साडेसात. एकाच चौकटीत 40,000 आणि साडेसात! गाडी शर्टाच्या पाच हजार पटींहून जास्त उजळ.

आपल्याला हे जाणवत नाही, कारण डोळा सतत लबाडी करतो. दाराकडे पाहिलं की बाहुली लहान होते, काउंटरकडे वळलं की मोठी होते, आणि मेंदू दोन्ही दृश्यं जोडून देतो. कॅमेऱ्याला मात्र सगळी चौकट एकाच दमात घ्यायची असते.

अशा कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण तीन मायक्रॉन रुंद असतो. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत वीस-पंचवीस पिक्सेल शेजारी शेजारी बसतील. प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन साचतात आणि तो भरला की भरला. त्याची क्षमता 10,000 इलेक्ट्रॉन धरू. समजा, पांढरी गाडी जळू नये म्हणून कॅमेऱ्याने वेळ इतका कमी केला, की गाडीचा पिक्सेल बरोबर काठोकाठ भरला. त्याच वेळात चेहऱ्याच्या पिक्सेलमध्ये किती जमले? अकरा. काळ्या शर्टाच्या वाट्याला दोनसुद्धा नाहीत.

अकरा हा आकडा वाटतो त्याहून वाईट आहे. प्रकाश थेंबाथेंबाने येतो, त्यामुळे अकराच्या जागी कधी आठ, कधी चौदा जमतात. त्यात मोजणाऱ्या सर्किटची दोन-तीन इलेक्ट्रॉनांची स्वतःची चूक मिसळते. कपाळ आणि गाल यांतला फरक या गोंधळाहून लहान असतो. पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 पायऱ्या असतात आणि हा चेहरा तळच्या डझनभर पायऱ्यांत दबून बसतो. तो संगणकावर कितीही उजळवला तरी चेहरा येत नाही, वाळू येते.

मेन्यूत `BLC` नावाची सोय असते. ती कॅमेऱ्याला सांगते, की उजेड मधल्या भागावरून मोज, बाकी जळलं तरी चालेल. चेहरा दिसतो, पण दार पांढरं होतं. `DWDR` तर नव्याने उजेड घेतच नाही. घेतलेल्या एकाच चित्रातला काळोख वर ओढते. अकराचे अकराच राहतात, फक्त मोठ्याने ओरडतात.

खऱ्या `WDR` मध्ये सेन्सर एका चित्राच्या वेळात दोनदा उजेड घेतो. समजा एकदा सेकंदाच्या 6400 व्या भागाइतका आणि एकदा शंभराव्या भागाइतका. दुसरा पहिल्याच्या 64 पट लांब. लांब चित्रात गाडी पार वाहून जाते, पण चेहऱ्याच्या पिक्सेलमध्ये अकराऐवजी सातशे इलेक्ट्रॉन जमतात आणि काळ्या शर्टात सव्वाशेच्या आसपास. आता सातशेतली चढउतार सत्तावीसेक इलेक्ट्रॉनांची, म्हणजे नाकाची सावली नाकासारखी दिसते. मग कॅमेरा रस्ता आखूड चित्रातून उचलतो, काउंटर लांब चित्रातून, आणि दोन्ही त्या 256 पायऱ्यांत दाबून बसवतो. सेकंदाला पाच कोटींची मोजणी आता दहा कोटींवर जाते.

खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्याने पुष्कळ जण फसतात. 120 डेसिबल म्हणजे 60 च्या दुप्पट असं वाटतं. इथे दर 20 डेसिबलला काळोख आणि उजेड यांचं प्रमाण दहापट वाढतं. 60 म्हणजे एकास हजार, 120 म्हणजे एकास दहा लाख. आपल्या हिशेबातला पिक्सेल एकट्याने साधारण एकास चार हजार, म्हणजे 72 डेसिबल पेलतो. 64 पटींच्या दुसऱ्या चित्राने त्यात 36 ची भर पडते, म्हणजे 108. दुकानाला 75 पुरले असते, पण ते सगळे चांगल्या दर्जाचे हवे होते, तळच्या वाळूत रुतलेले नकोत.

याची किंमतही आहे. दोन चित्रं एकाच क्षणाची नसतात. मधल्या दहा मिलीसेकंदांत झपकन फिरणारा हात तीन सेंटिमीटर सरकतो आणि त्याला दुहेरी कड येते. आखूड चित्रामुळे काही एलईडी दिव्यांचे पट्टे उमटतात, कारण आपल्याकडची 50 हर्ट्झची वीज त्यांना सेकंदाला शंभरदा लुकलुकवते. आणि रात्री दुकानाचं शटर पडल्यावर बाहेर-आत फरकच उरत नाही. तेव्हा `WDR` चालू ठेवणं म्हणजे हातातला वेळ आखूड चित्रावर वाया घालवणं; कॅमेऱ्यात वेळापत्रक असेल तर रात्री बंद करावं. त्याचा जोरही शंभरवर नेऊ नये. पन्नासच्या आसपास सुरुवात करावी. माणसाभोवती प्रभावळ दिसू लागली की उतरावं.

मेहुण्याच्या कॅमेऱ्यात खरं `WDR` होतं, पण बंद. दुपारी चार वाजता, ऊन तिरपं येतं तेव्हा, तो काउंटरपाशी वर्तमानपत्र धरून उभा राहिला. मी `WDR` चालू केलं आणि थेट चित्रावर भरवसा न ठेवता रेकॉर्डिंग उतरवून पाहिलं. रस्त्यावरच्या गाड्या दिसू लागल्या, म्हणजे सोय खरी होती. नुसती `DWDR` असती तर आत उजळलं असतं आणि रस्ता पांढराच राहिला असता. पण चेहऱ्यावर दुधाळ पडदा होता.

कारण साधं निघालं. कॅमेऱ्याच्या प्लास्टिकच्या घुमटावर दोन वर्षांची धूळ होती. चौकटीचा एक तृतीयांश भाग उजळ दार आणि त्याची सरासरी 15,000 धरली, तर पूर्ण चौकटीची सरासरी 5,000 येते. धुळीने त्यातला फक्त एक टक्का इकडेतिकडे पसरवला तरी ते झाले 50. चेहऱ्याचे मूळ 45. चेहऱ्यापेक्षा जास्त उजेड धुळीचा होता आणि सेन्सरपर्यंत पोचण्याआधीच मिसळलेला, त्यामुळे तो कुठल्याच सेटिंगने वेगळा काढता आला नसता.

ओल्या मऊ फडक्याने घुमट पुसला. काउंटरवर आणखी दोन ट्यूब लावल्या, तेव्हा 150 चे जवळपास 400 लक्स झाले. मग मेहुण्याने विचारलं, की हाच कॅमेरा दाराच्या वर लावून आत वळवला असता तर? तर दार चौकटीत आलंच नसतं आणि हा सगळा हिशेब करावाच लागला नसता. वायर पुरत नव्हती, म्हणून तो मागच्या भिंतीवर लागला होता. सहा मीटर कमी पडत होती.