साताऱ्याचे चार दिवस

1969 साली अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने आपल्या युद्धखेळाच्या मित्रांना एक वेगळा डाव मांडून दिला. ब्राउनस्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव, वेशीवर येऊ घातलेली फौज, आणि प्रत्येक खेळाडूला फौजेऐवजी गावातला एक माणूस: कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार. प्रत्येकाचे ईप्सित वेगळे. नकाशावरची लढाई सुरू होण्याआधीच मंडळी कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन कुजबुजू लागली, आणि वेस्लीला वाटले की डाव फसला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा मांड म्हणून त्याची पाठ धरली. पुढे भूमिका घेऊन खेळायचे जे सगळे खेळ आले, त्यांचे एक मूळ या फसलेल्या संध्याकाळीत आहे.

त्या कुजबुजीवरच उभा राहील असा डाव मला मांडायचा होता. फासे नाहीत, तलवारी नाहीत. त्यासाठी जागा शोधायला लांब जावे लागले नाही: सातारा, 1749 चा डिसेंबर. शाहू महाराज अंथरुणाला खिळलेले, पोटी वारस नाही. राणी सकवारबाईंना कोल्हापूरचे संभाजीराजे गादीवर हवेत. सत्तरी ओलांडलेल्या ताराबाई सांगतात, माझा नातू रामराजा जिवंत आहे, मी त्याला लहानपणापासून लपवून वाढवले. नानासाहेब पेशवे फौजेसह साताऱ्यात आहेत. याशिवाय जगजीवनराव प्रतिनिधी, गोविंदराव चिटणीस आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांचा वकील. सहा भूमिका, सहा खेळाडू, एक सूत्रधार.

पहिला प्रश्न वेळेचा. सहा जणांच्या जोड्या होतात पंधरा. एका दिवसात तीन जोड्या एकाच वेळी खलबताला बसू शकतात, म्हणजे डावातले पाच दिवस दिले की प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते. तसे झाले की कारस्थान संपलेच. सगळ्यांना सगळे कळते. म्हणून मी दिवस चारच ठेवले. एकाला भेटायचे राहणार, आणि कोणाला टाळायचे हे प्रत्येकाला ठरवावे लागणार. दिवसाला बारा मिनिटे खलबत, मग पंधरा मिनिटे भरला दरबार. चौथ्या रात्री महाराज जातात आणि पाचव्या सकाळी वारस ठरतो.

उपकारांचा हिशेब कसा ठेवायचा, यावर बराच घोळ घातला. गुण देऊन पाहिले, पण गुणांना चेहरा नसतो. शेवटी आपल्याच पेठेतली जुनी वस्तू कामाला आली: हुंडी. प्रत्येकाकडे सुरुवातीला स्वतःच्या नावाच्या तीन कोऱ्या हुंड्या. मदत घेतली की मदत करणाऱ्याला त्यातली एक लिहून द्यायची. दर्शनी असेल तर दाखवताक्षणी काम करायचे, मुदती असेल तर लिहिलेल्या दिवशी. हुंडी नाकारता येते, पण ती भर दरबारात फाडावी लागते. दोनदा फाडली की त्या माणसाची हुंडी घ्यायला कोणी बांधील नाही. खरी गंमत पुढे आहे. हुंडी हातोहात फिरते. चिटणिसांनी राणीसाहेबांना दिलेला शब्द राणीसाहेब वकिलाला विकू शकतात, आणि तिसऱ्या दिवशी चिटणिसांच्या दारात भलताच माणूस उभा राहतो.

हुंड्यांखेरीज प्रत्येकाच्या हाती गुपितांच्या चिठ्ठ्या असतात. अशा प्रत्येक चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: बातमी काय, ती आणखी कोणाला ठाऊक आहे, आणि पुरावा कुठे आहे. दुसरी ओळ रिकामी राहिली तर ते गुपित डावात नाहीच, असे समजावे. एकट्याला ठाऊक असलेली गोष्ट त्याच्यासोबत घरी जाते. जस्टिन अलेक्झांडर नावाच्या खेळकाराचा एक नियम मी इथे उचलला आहे: जे कळायलाच हवे, त्याकडे जाणाऱ्या किमान तीन वाटा ठेवाव्यात, कारण खेळाडू एक चुकवतात, दुसरीचा अर्थ भलताच लावतात.

पहिल्या चाचणीत तरीही डाव बसला. सगळे आपापल्या चिठ्ठ्या उराशी धरून गोड बोलत राहिले, कारण गुपित सांगितले की त्याची किंमत जाते आणि राखले तर काहीच जात नाही. मग राखण्यालाही किंमत लावली. कोल्हापूरचा जासूद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघतो. त्याच्यासोबत निरोप गेला नाही तर सकवारबाईंची संभाजीराजांशी झालेली बोलणी फुकट. महाराजांची शुद्ध तिसऱ्या दिवशी हरपते. कारभार कोणी पाहायचा याविषयी त्यांच्या हातची चिठ्ठी हवी असेल तर त्याआधी. दर संध्याकाळी कोणाची तरी एक चिठ्ठी शिळी होऊ लागली आणि तोंडे उघडली.

दुसरी अडचण प्रतिनिधींची. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे कोणी फिरकलेच नाही, तर चिटणिसांकडे रांग, कारण लेखणी त्यांच्या हातात. अशा वेळी खेळाडूला दोष देऊ नये, कागद काढावा. सहा ओळी, सहा रकाने. ओळीत कोणाला काय हवे, रकान्यात ते कोणाकडे आहे. प्रतिनिधींचा रकाना कोरा निघाला. उत्तर इतिहासातच होते: हे पद राजारामांनी जिंजीत निर्माण केले आणि अष्टप्रधानांच्याही वर ठेवले. म्हणून नियम केला की वारसाची घोषणा प्रतिनिधींच्या मुखानेच व्हावी, किंवा ते गैरहजर का आहेत हे दरबाराला पटवावे. पुढच्या खेळात त्यांना जेवायला फुरसत मिळाली नाही.

पेशव्यांची फौज सगळ्यात अवघड. फौज आहे तर बोलायचे कशाला? मी ती एका चिठ्ठीत बंद केली: दाखवता येते, महाराज जिवंत असेपर्यंत चालवता येत नाही. चालवली तर राजद्रोह, आणि साऱ्या हुंड्या रद्द. आणखी एक दार मी जाणूनबुजून बंद ठेवले. शाहूंमागे सकवारबाई सती गेल्या. त्यासाठी त्यांच्यावर दबाव आला असेही लिहिले गेले आहे. कोणाला चितेवर ढकलणे ही माझ्या टेबलावरची खेळी नाही. डाव वारसाच्या घोषणेशी थांबतो.

राहिला रामराजा. तो खरा नातू की तोतया? मी उत्तर लिहिले होते, आणि ते सूत्रधाराच्या पाकिटात असे. खेळाडू मग बोलणे सोडून पाकिटाच्या मागे लागत, जणू परीक्षेची प्रश्नपत्रिका. इथे ताराबाईंनीच मला वाचवले. 1750 च्या जानेवारीत रामराजा छत्रपती झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो आपल्या मुठीत येत नाही असे दिसताच त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. 1752 साली जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितले की हा माझा नातूच नव्हे. त्यांचे कोणते बोलणे खरे, यावर वाद राहिला. म्हणून पाकीट फाडून टाकले. आता ताराबाईंच्या हातात दोन चिठ्ठ्या असतात, ‘हा माझा नातू’ आणि ‘हा माझा नातू नव्हे’. दोन्ही एकेकदाच, भर दरबारात. सत्य सूत्रधारालाही ठाऊक नसते. चौथ्या दिवसाअखेर ज्या म्हणण्यामागे जास्त साक्षी उभ्या राहतील, ते दरबारापुरते खरे.

परवाच्या खेळात ताराबाई झालेली मुलगी तीन दिवस नातवासाठी पदर पसरत होती. चौथ्या दिवशी पेशव्यांनी तिच्या हुंडीचा मोबदला द्यायला टाळाटाळ केली. तिने दुसरी चिठ्ठी टेबलावर ठेवली, उलटी, आणि तिच्यावर बोट दाबून म्हणाली, ‘‘पंत, बोला आता.’’