पाच पेढे, पण भागायचं चारने

एक्सेलमध्ये पाच आकड्यांचं प्रमाण विचलन काढायला गेलं की दोन सूत्रं समोर येतात: STDEV.P आणि STDEV.S. आकडे तेच, उत्तरं मात्र वेगळी. जुन्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवरही अशी दोन बटणं असत आणि परीक्षेच्या हॉलमध्ये कोणतं दाबायचं यावरून अनेकांना घाम फुटे. फरक एका भागाकारात आहे. एक सूत्र आकड्यांच्या संख्येने भागतं, दुसरं त्याहून एक कमी संख्येने. हा एक कुठे जातो, ते हाताने गणित केल्यावरच नीट दिसतं.

समजा, मिठाईच्या दुकानातल्या मोठ्या परातीतून पाच पेढे उचलून काट्यावर ठेवले. वजनं भरली २२, २५, १९, २४ आणि २० ग्रॅम. बेरीज ११०, सरासरी २२. आता प्रत्येक पेढा सरासरीपासून किती लांब आहे ते पाहायचं: ०, +३, −३, +२, −२. इथेच थांबून बेरीज करावी. ती शून्य आली नाही, तर सरासरी किंवा वजाबाकी चुकली आहे असं खुशाल समजावं. हाताने हिशेब करणाऱ्याला याहून स्वस्त पडताळणी मिळणार नाही. (सरासरी गोळाबेरीज करून घेतली असेल तर किंचित फरक उरतो, तेवढा चालतो.)

बेरीज नेहमीच शून्य येते, म्हणून या अंतरांची सरासरी काढण्यात अर्थ नसतो. त्यासाठी वर्ग करायचे: ०, ९, ९, ४, ४. वर्गांची बेरीज २६. तिला पाचाने भागलं तर ५.२. याचं वर्गमूळ काढायचं, कारण वर्ग केल्यामुळे ग्रॅमचे ‘वर्गग्रॅम’ झालेले असतात आणि पेढा त्या मापात कुणी विकत नाही. उत्तर येतं सुमारे २.२८ ग्रॅम. चाराने भागलं असतं तर ६.५ आणि त्याचं वर्गमूळ सुमारे २.५५. दोन्ही उत्तरांत जवळपास बारा टक्क्यांचा फरक.

त्या परातीत तेवढेच पाच पेढे असतील, तर पाचाने भागणं बरोबर आहे. सगळे पेढे मोजून झाले, अंदाज करायला काही उरलंच नाही. पण हलवायाला या पाच पेढ्यांत रस नसतो. त्याला सगळ्या घाण्याच्या वजनात किती चढउतार आहे ते जाणून घ्यायचं असतं, आणि पाच पेढे हा त्याचा नुसता नमुना. अडचण इथे सुरू होते.

खरं तर चढउतार मोजायचा तो घाण्याच्या खऱ्या सरासरीपासून. ती माहीत नसते, म्हणून आपण पाच पेढ्यांचीच सरासरी वापरली. ती या पाचांनी मिळून ठरवलेली आहे, त्यामुळे ती या पाचांनाच जवळची असते. समजा, घाण्याची खरी सरासरी २३ ग्रॅम आहे. तिच्यापासूनची अंतरं होतात −१, +२, −४, +१, −३ आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ३१. आपल्याला मिळाली होती २६. २३च्या जागी दुसरा कोणताही आकडा घेऊन पाहावं, बेरीज २६च्या खाली जाणार नाही. नमुन्याची स्वतःची सरासरी हीच सर्वांत कमी बेरीज देणारी जागा असते. म्हणजे पेढ्यांनी आपली फूटपट्टी आपणच कापून घेतली, आणि ती नेहमी स्वतःच्या सोयीची निघते.

बेरीज किती कमी पडते, हेही मोजता येतं. ३१ मधून २६ गेले, उरले ५. ही पाच म्हणजे पेढ्यांची संख्या गुणिले दोन सरासऱ्यांमधल्या अंतराचा वर्ग: ५ × १². हा नियम प्रत्येक यादीला लागू पडतो. खरी सरासरी माहीत असती, तर पाच पेढ्यांनी मिळून सरासरीने पाच वाटे चढउतार दाखवला असता, प्रत्येकाचा एक. पण पाच पेढ्यांची सरासरी स्वतःही डोलत असते, आणि तिचा डोल एका पेढ्याच्या वाट्याच्या पाचव्या हिश्श्याइतका असतो. त्याला पाचाने गुणलं की बरोबर एक अख्खा वाटा. तो सरासरीने गिळलेला असतो. हाती उरतात चार वाटे, म्हणून भागायचं चाराने.

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर तीन चिठ्ठ्या पुरतात. त्यांवर २, ५ आणि ८ लिहावं. सरासरी ५, अंतरांचे वर्ग ९, ०, ९. तीनाने भागलं की ६. आता एक चिठ्ठी उचलायची, आकडा लिहून परत टाकायची आणि दुसरी उचलायची. अशा नऊ जोड्या होतात. तीन जोड्यांत दोन्ही आकडे सारखे, चढउतार शून्य. चार जोड्यांत आकड्यांत तीनचा फरक, दोनाने भागल्यावर उत्तर २.२५. उरलेल्या दोन जोड्यांत सहाचा फरक, उत्तर ९. सगळ्यांची बेरीज २७, नऊ जोड्यांची सरासरी ३. खरं उत्तर होतं ६, मिळालं निम्मं. प्रत्येक जोडीत दोनाऐवजी एकाने भागलं की सगळी उत्तरं दुप्पट होतात आणि सरासरी बरोबर ६ येते.

एक बारीक खोच मात्र आहे. ६ जुळतो तो वर्गमुळाच्या आधी. त्याच नऊ जोड्यांची वर्गमुळं काढून सरासरी घेतली तर सुमारे १.८९ येते, आणि ६चं वर्गमूळ आहे २.४५. म्हणजे n − 1 ने भागूनही प्रमाण विचलन सरासरीने थोडं कमीच पडतं. नमुना वाढला की ही तूट झपाट्याने मिटते.

‘प्रमाण विचलन’ ज्या संज्ञेचं भाषांतर आहे, ती कार्ल पियर्सन यांनी १८९०च्या दशकात रूढ केली. त्यांच्या हाताशी शेकड्यांनी नोंदी असत. हजार नोंदींमध्ये हजाराने भागा की ९९९ने, उत्तर हलत नाही. डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यातल्या विल्यम गॉसेट यांची गोष्ट वेगळी होती, त्यांना मूठभर नोंदींवर भागवावं लागे. १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात औषधाने दहा रुग्णांची झोप किती वाढली याचे आकडे आहेत. त्यांनी दहाने भागून १.७० तास हे प्रमाण विचलन काढलं. नवाने भागलं तर १.७९ येतं. गंमत अशी की लहान नमुन्यांची मोठी दुरुस्ती करणाऱ्या या लेखातही भाजक n हाच होता. n − 1 घेऊन मांडणी करण्याची वाट पुढे रोनाल्ड फिशर यांनी रुळवली. या दुरुस्तीला नाव मात्र त्याआधीच्या शतकातल्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाचं आहे, बेसेल यांचं.

आजचा घोळ पायथनमध्ये होतो. तीच पाच वजनं दोन लोकप्रिय लायब्रऱ्यांना दिली, तर न सांगता एक पाचाने भागते आणि दुसरी चाराने:

```
np.std([22,25,19,24,20])           # 2.28
pd.Series([22,25,19,24,20]).std()  # 2.55
```

पहिलीत `ddof=1` लिहिलं की दोन्ही उत्तरं एक होतात. कोणता भाजक वापरलाय ते कळायला सर्वांत सोपी यादी दोनच आकड्यांची: २ आणि ४ द्यावेत. उत्तर १ आलं तर n, १.४१ आलं तर n − 1.