दोन ओळींमधला व्याजदर

कंपनीच्या ताळेबंदात कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीची तरतूद दाखवताना लेखापालाला एक दर लागतो. काही वर्षांनी द्यावी लागणारी रक्कम आजच्या किमतीत किती होते, हे त्या दराने काढतात. लेखा मानक १५ सांगते की, हा दर सरकारी रोख्यांवरील परताव्यावरून घ्यावा आणि त्या रोख्यांची मुदत देण्याच्या मुदतीशी जुळणारी असावी. अडचण इथेच येते. एखाद्या कंपनीचे देणे सरासरी ८.६ वर्षांनी द्यायचे असेल आणि हातातल्या तक्त्यात ७ वर्षांनंतर थेट १० वर्षांची ओळ असेल, तर ८.६ वर्षांचा दर कुठून आणायचा?

एक्सेलमधल्या FORECAST, INDEX आणि MATCH या तीन फंक्शनांनी हा दर काढता येतो. समजण्यासाठी एक तक्ता घेऊ. त्यातले दर केवळ उदाहरणादाखल आहेत. पहिल्या ओळीत मथळे आहेत, A2 ते A8 मध्ये मुदत वर्षांत आहे आणि B2 ते B8 मध्ये टक्केवारीतला दर आहे.

```
 1    5.60
 2    5.75
 3    5.90
 5    6.20
 7    6.45
10    6.60
15    6.90
```

आधी हिशेब हातानेच करून पाहू. ७ ते १० हे अंतर ३ वर्षांचे आहे आणि तेवढ्यात दर ०.१५ ने वाढतो. ८.६ वर्षे म्हणजे सातच्या पुढे १.६ वर्षे. तीन वर्षांत ०.१५, तर १.६ वर्षांत ०.०८. म्हणून दर झाला ६.४५ अधिक ०.०८, म्हणजे ६.५३ टक्के. शाळेतल्या त्रैराशिकापलीकडे यात काही नाही. गणितात याला रेषीय अंतर्वेशन म्हणतात. दोन माहीत असलेले बिंदू सरळ रेषेने जोडायचे आणि मधल्या जागेची किंमत त्या रेषेवरून वाचायची, एवढीच ती रीत आहे.

हेच काम शीटला करायला सांगायचे. D2 मध्ये ८.६ लिहा. आपली मुदत कोणत्या ओळीनंतर येते, हे MATCH शोधते. E2 मध्ये हे सूत्र लिहा:

```
=MATCH(D2,A2:A8,1)
```

शेवटच्या 1 चा अर्थ असा की, ८.६ पेक्षा मोठी नसलेली सर्वांत मोठी मुदत शोधायची. ती मुदत ७ आहे आणि यादीत ती पाचवी आहे. म्हणून उत्तर येते ५. आपली खालची ओळ पाचवी आणि वरची सहावी, हे आता कळले. दर काढणारे सूत्र असे:

```
=FORECAST(D2,
 INDEX(B2:B8,E2):INDEX(B2:B8,E2+1),
 INDEX(A2:A8,E2):INDEX(A2:A8,E2+1))
```

INDEX इथे नुसती किंमत देत नाही, तर त्या सेलचा पत्ताही देते. म्हणूनच दोन INDEX च्या मध्ये विसर्गचिन्ह घातले की B6:B7 हा दोनच सेलचा पट्टा तयार होतो. त्याच रीतीने मुदतीच्या कॉलममधून A6:A7 मिळतो. FORECAST या दोन बिंदूंमधून रेषा काढते आणि ८.६ वर ६.५३ हे उत्तर देते. एक्सेल २०१६ पासून याच फंक्शनला FORECAST.LINEAR असे नवे नाव मिळाले. जुने नावही अजून चालते.

मग INDEX चा एवढा खटाटोप कशाला? अख्खा कॉलमच FORECAST ला दिला तर काय बिघडते? करून पाहा:

```
=FORECAST(D2,B2:B8,A2:A8)
```

उत्तर येते सुमारे ६.४३. सूत्र चूक दाखवत नाही आणि दरही पाहताक्षणी खरा वाटतो. पण तक्ता पुन्हा पाहिला की गडबड लक्षात येते. ७ वर्षांचाच दर ६.४५ आहे, तर त्याहून लांब मुदतीचा दर त्याहून कमी कसा? दोन बिंदू दिले की FORECAST त्या दोन्हींमधून जाणारी रेषा काढते. सात बिंदू दिले की ती सातांच्या जवळून जाणारी एक सरासरी रेषा काढते आणि ती कोणत्याच बिंदूला बांधलेली नसते. म्हणून उत्तर नेहमी एका कसोटीवर तपासावे. अंतर्वेशनाने काढलेला दर शेजारच्या दोन ओळींतल्या दरांच्या मध्येच पडला पाहिजे.

हा फरक किरकोळ नाही. ८.६ वर्षांनी द्यायच्या १ कोटी रुपयांची आजची किंमत वार्षिक चक्रवाढीने ६.५३ टक्क्यांवर सुमारे ५८.०४ लाख होते आणि ६.४३ टक्क्यांवर ५८.५१ लाख. एकाच सूत्रातल्या चुकीच्या पट्ट्यामुळे तरतूद सुमारे ४७ हजारांनी फुगते.

दुसरी चूक क्रमाची. FORECAST मध्ये आधी दर आणि मग मुदत द्यावी लागते. ती उलट दिली तर या उदाहरणात उत्तर ५० येते आणि चूक लगेच कळते. तक्त्यातल्या मुदती मात्र चढत्या क्रमातच हव्यात. त्या उलट्या लावल्या असतील तर MATCH चुकीची ओळ सांगू शकते. मुदतीच्या सेलमध्ये ‘७ वर्षे’ असा मजकूर असेल तर MATCH ला ती संख्या म्हणून दिसतच नाही. तिथे नुसता आकडा हवा.

आता तक्त्याची टोके. मुदत १ वर्षापेक्षा कमी असेल तर MATCH ला आधीची ओळ सापडत नाही आणि #N/A येते. मुदत नेमकी १५ असेल तर सूत्र सातव्या ओळीनंतर आठवी शोधायला जाते आणि #REF! देते. यावर उपाय असा की, E2 मधला आकडा सहाच्या पुढे जाऊ द्यायचा नाही:

```
=MIN(MATCH(D2,A2:A8,1),ROWS(A2:A8)-1)
```

आता १५ वर ६.९० मिळते. पण याच उपायात एक धोका आहे. D2 मध्ये २० लिहिले तर सूत्र १० आणि १५ मधली रेषा पुढे ओढत नेते आणि ७.२० असा दर देते. तक्त्यात ज्याला काहीच आधार नाही असा हा दर आहे आणि आता चुकीची खूणही दिसत नाही. म्हणून मुदत A8 पेक्षा मोठी असेल तर दराऐवजी ‘तक्त्याबाहेर’ असा शब्द दाखवणारी IF ची अट सोबत घालावीच.

आतल्या भागातही सरळ रेषा हे एक गृहीतकच आहे. लांब मुदतीकडे जाताना दरवाढ मंदावते आणि आलेख वर फुगीर होत जातो. अशा ठिकाणी सरळ रेषा खऱ्या वक्राच्या किंचित खाली राहते. ७ ते १० मध्ये ही तूट लहान असते. १० ते १५ सारख्या रुंद फटीत ती वाढू शकते. तिथे मधली एखादी ओळ, समजा १२ वर्षांची, मिळाली तर ती तक्त्यात घालणे हा कोणत्याही सूत्रापेक्षा चांगला उपाय आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मधला दर काढायची मुभा प्रत्येक तक्ता देत नाही. रोख्यांच्या परताव्याचा तक्ता उतारासारखा असतो. बँकेच्या मुदत ठेवींचा तक्ता मात्र पायऱ्यांसारखा. ‘१ वर्ष ते २ वर्षांपेक्षा कमी’ या गटाला एकच दर ठरवलेला असेल, तर १८ महिन्यांच्या ठेवीला तोच दर मिळतो, पुढच्या गटाकडे झुकलेला मधला दर मिळत नाही. तिथे MATCH ने गट शोधून INDEX ने त्याचा दर उचलायचा आणि तिथेच थांबायचे. FORECAST लावले तर बँक कधीच देणार नाही असा दर कागदावर येईल.

म्हणून सूत्र लिहिण्याआधी तक्ता नीट वाचावा. त्यातले आकडे एकेका मुदतीचे आहेत की गटाचे, हे पाहावे. ते एकेका मुदतीचे असतील आणि मधला दर काढला असेल, तर शेजारच्या सेलमध्ये ‘७ व १० वर्षांच्या दरांवरून’ एवढे लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी शीट उघडणाऱ्याला, किंवा लेखापरीक्षकाला, ६.५३ हा आकडा तक्त्यात सापडणार नाही. तो कुठून आला, हे त्याला त्या एका ओळीवरून कळेल आणि हिशेब हाताने पडताळताही येईल.