पन्नाशीची गिटार आणि फोटोखालची ओळ

पन्नासावा वाढदिवस, हातात नवी कोरी गिटार आणि फोटोखाली एक ओळ : वय हा फक्त आकडा असतो. असे फोटो हल्ली बरेच दिसतात आणि त्यामागे कारणही आहे. आज जे पन्नाशीला पोचतायत ते 1988 साली बारा-तेरा वर्षांचे होते. त्या वर्षी ‘कयामत से कयामत तक’ आला आणि कॉलेजच्या निरोपाच्या कार्यक्रमात गिटार घेऊन गाणारा आमिर खान एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात बसला. मग दहावी आली, नोकरी आली, फ्लॅटचे हप्ते आले, मुलांचे क्लास आले. हप्ते संपत आले तेव्हा गिटार आठवली.

मी गिटार शिकवतो. पन्नाशीचे विद्यार्थी मला ‘सर’ म्हणतात, मी त्यांना ‘काका’, ‘मावशी’ म्हणतो आणि पहिला महिना हे दोघांनाही थोडं अवघड जातं. माझं भांडण फोटोखालच्या त्या ओळीशी आहे. गिटारपुरतं तरी वय नुसता आकडा नसतं. ते बोटांच्या पेरांत असतं, मनगटात असतं, चष्म्याच्या नंबरात असतं. ते नेमकं कुठे आडवं येतं हे ज्याला कळतं तो वाजवू लागतो. बाकीच्यांची गिटार तिसऱ्या आठवड्यात कपाटावर जाते. फोटोखाली लिहायचंच असेल तर ‘डी कॉर्ड स्वच्छ वाजली, बोटांच्या टोकांना तारांचे वळ’ असं लिहावं. ते खरं असतं आणि वाचणाऱ्याला काहीतरी कळतं.

पहिली अडचण वयाची नसतेच, वाद्याची असते. बऱ्याच घरांत गिटार विकत आणली जात नाही, ती सापडते. मुलगा शिकायला परदेशी गेला आणि त्याची गिटार मागे राहिली, अशी. वर्षानुवर्षं तारा ताणलेल्या, त्यातही आपल्याकडचा पावसाळा. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साठ-सत्तर किलोंच्या घरात असतो. त्या ताणाने दांडी पुढे वाकते, दमटपणाने पुढची फळी फुगते आणि तारा दांडीपासून वर उचलल्या जातात. तार आणि पट्टी यांच्यातल्या या अंतराला वाजवणारे ‘ॲक्शन’ म्हणतात.

ते घरच्या फूटपट्टीने मोजता येतं. दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. बारावा फ्रेट गाठा आणि त्याच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत किती मिलिमीटर आहे ते पाहा. जाड तारेला अडीच आणि बारीक तारेला दोनच्या आसपास असेल तर ठीक. चार असेल तर विसाव्या वर्षीच्या बोटांनाही ते जड जातं, पण विसाव्या वर्षी माणूस रेटून नेतो. पन्नाशीत तो ‘आता आपलं वय झालं’ असा निष्कर्ष काढतो.

दांडीच्या टोकाला, तारा जिथून खुंट्यांकडे जातात तिथे खाचांची एक छोटी पट्टी असते. तिला नट म्हणतात. तिची परीक्षा सोपी आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती जागा उरते ते पाहा. केसाएवढी फट हवी. जाड कागदाचा तुकडा सहज सरकत असेल तर खाचा उंच आहेत. नवशिक्याच्या बहुतेक कॉर्ड पहिल्या तीन फ्रेटमध्ये असल्यामुळे हा दोष सगळ्यात जास्त दुखवतो. दुरुस्ती करणारा कारागीर या खाचा खोल करतो, दांडीतला लोखंडी गज फिरवून बाक काढतो आणि ब्रिजवरची सॅडल घासतो. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. त्यामुळे तिथे एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. हे काम घरी कानस घेऊन करू नये, कारण घासलेलं परत येत नाही.

घरी करण्यासारखी एक युक्ती मात्र आहे. सगळ्या तारा दोन स्वर खाली उतरवा. स्वर म्हणजे इथे पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून शेजारच्या दोन पट्ट्या. तारेचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. त्यामुळे सूर थोडाच उतरला तरी ताण पाचव्या हिश्शाने कमी होतो. मूळ सूर हवा असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चाप, लावायचा. त्याने तारा पट्टीच्या जवळही येतात आणि नटच्या उंच खाचांचा त्रासही टळतो. ही सवलत नवशिक्यांपुरतीच आहे असं कुणी समजू नये. इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधला टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गमावून बसला. त्याने बोटांवर टोपणं चढवली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या खालच्या सुरात लावू लागला. ‘ब्लॅक सबाथ’चा तो जड, घोगरा आवाज बऱ्याच अंशी यातून आला.

आता बोटांकडे. टोकांची कातडी दुखणं हे ठरलेलंच आहे. दोन ते चार आठवड्यांत तिथे घट्टा पडतो आणि दुखणं थांबतं, पण त्यासाठी रोज पंधरा मिनिटं हवीत. रविवारी सलग दोन तास बसलं की फोड येतो, मग आठवडाभर हात लावता येत नाही आणि घट्टा कधीच बनत नाही. बोट फ्रेटवर नाही, त्याच्या अगदी मागे टेकवावं, तिथे सर्वांत कमी जोर लागतो. किती कमी ते पाहण्यासाठी तार नुसती टेकवून छेडा आणि हळूहळू दाब वाढवा. भुणभुण थांबून सूर स्वच्छ आला की तिथेच थांबा. नवीन माणूस त्याच्या दुप्पट जोराने दाबत असतो आणि अंगठ्याने मागून दांडी आवळत असतो.

कातडीचं दुखणं वेगळं आणि सांध्याचं वेगळं. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं, सकाळी बोट वाकलेलं अडकून टक्कन सुटू लागलं किंवा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होऊन मुंग्या येऊ लागल्या, तर ते घट्ट्याचं दुखणं नव्हे. अडकणारं बोट आणि आखडलेला खांदा मधुमेह असलेल्यांत जास्त आढळतात आणि या वयात मधुमेह घरोघरी आहे. अशा वेळी वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवावं. सराव वाढवून ते बरं होत नाही.

मनगट दुखण्याचं एक कारण चष्म्यात असतं, हे मला शिकवायला लागल्यावरच कळलं. वाचण्याचा चष्मा साधारण चाळीस सेंटिमीटरवरच्या मजकुरासाठी असतो. गिटारवरची डावी बोटं त्याहून लांब आणि एका बाजूला असतात. प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचं दिसण्याची जागा खाली मध्यभागी असते, डोळे डावीकडे वळवले की सगळं धूसर. मग माणूस नकळत गिटार स्वतःकडे आडवी करतो, म्हणजे पट्टी दिसते. गिटार आडवी झाली की मनगट काटकोनात वाकतं आणि पंधरा मिनिटांत कळ येते. तक्रार मनगटाची, उपाय चष्मेवाल्याकडे. संगणकाच्या अंतरासाठी साधा एका नंबरचा चष्मा करून घेतला की गिटार पुन्हा उभी राहते.

एवढं जमलं की गाणं कुठलं, हा प्रश्न येतो. सगळ्यांना ‘पापा कहते हैं’ हवं असतं. मी वाढदिवसाचंच गाणं देतो. 1893 साली अमेरिकेतल्या केंटकीच्या हिल भगिनींनी लहान मुलांसाठी छापलेली ही चाल. तिला तीन कॉर्ड पुरतात, जी, सी आणि डी. आठ मात्रागट, प्रत्येकात तीन मात्रा, म्हणजे अर्धा दादरा. जी, डी, डी, जी, जी, सी असे सहा गट झाले की सातव्यात दोन मात्रा जी आणि एक मात्रा डी, आठव्यात परत जी. पहिला शब्द कोरडाच म्हणायचा, कॉर्ड दुसऱ्या शब्दावर पडते.

आखडलेल्या बोटांसाठी यात एक सोय आहे. बारीक बाजूने दुसऱ्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटला अनामिका ठेवा आणि गाणं संपेपर्यंत उचलू नका. जी धरताना करंगळी तिच्या शेजारच्या सर्वांत बारीक तारेवर त्याच फ्रेटला, मधलं बोट सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटला आणि तर्जनी पाचवीच्या दुसऱ्याला. सी हवी तेव्हा मधलं बोट आणि तर्जनी एकेक तार बारीक बाजूला सरकवायची, बाकी दोन बोटं जागच्या जागी. ही शुद्ध सी नाही, तीत एक जादा सूर मिसळतो, पण कानाला गोड लागते. डीसाठी करंगळी उचलायची, तर्जनी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटला आणि मधलं बोट पहिल्या तारेच्या दुसऱ्याला. एक बोट खुंटीसारखं रोवलेलं असलं की बाकीच्यांना अंतराचा अंदाज राहतो.

खरी गोम सातव्या गटात आहे. तिथे डी एकच मात्रा टिकते. मिनिटाला साठ मात्रांच्या संथ लयीत म्हटलं तरी तुमच्याकडे एक सेकंद असतो. म्हणून घड्याळ लावून मिनिटभर नुसतं जी-डी, जी-डी करायचं आणि बदल मोजायचे. इंटरनेटवर हजारोंना शिकवणारे जस्टिन सँडरको यांनी हा व्यायाम लोकप्रिय केला. सुरुवातीला पंधरा-वीस होतात. साठ झाले की हे गाणं संथ लयीत जमतं. मोठी माणसं एका ठिकाणी हमखास अडतात : डावा हात चुकला की उजवा थांबवतात, बोटं नीट लावून घेतात आणि मग पुढे जातात. ऑफिसात चूक सुधारून पुढे जाण्याची सवय झालेली असते, गाण्यात लय तोवर निघून गेलेली असते. उजवा हात चालू ठेवायचा, वेळेवर कॉर्ड नाही आली तर मोकळ्या तारा वाजू द्यायच्या. लहान मुलं हे न सांगता करतात.

वाढदिवसाच्या दिवशी एक हिशोब आधी करावा लागतो. या गाण्याच्या तिसऱ्या ओळीत चाल पहिल्या सुरापासून थेट वरच्या सप्तकातल्या त्याच सुरावर उडी मारते आणि घरातले निम्मे आवाज तिथे फाटतात. तारा आधीच दोन स्वर उतरवलेल्या असतील तर कॅपो काढून ठेवा. बोटं त्याच जागी, पण सगळं गाणं दोन स्वर खाली येतं आणि काकांनाही ती उडी झेपते. नुसती लहान मुलं गाणार असतील तर कॅपो परत दुसऱ्या फ्रेटवर. मेणबत्त्या पेटायच्या आत जी एकदा मोठ्याने छेडायची, नाहीतर कुणीतरी आत्या आपल्या पट्टीत सुरू करते आणि मग सगळे तिच्या मागे जातात.