दशकभराचा दसैं

नेपाळी सहकाऱ्यांना दसैंच्या शुभेच्छा पाठवायला मी २०१५ पासून लागलो. त्या एप्रिलच्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे गेली होती. शरद ऋतूत कामाच्या ठिकाणी एका वडीलधाऱ्या नेपाळी सहकाऱ्याने मला बजावले, "आधी घरी बरखी आहे का ते विचारा." आई किंवा वडील गेले की मुलगा वर्षभर सुतक पाळतो, टीका लावून घेत नाही. अशा घरी शुभेच्छा नव्हे, नुसती विचारपूस जाते. त्या वर्षी अशी घरे फार होती.

एरवी बरोबरीच्या सहकाऱ्याला लिहायचे ठरलेलेच: 'विजयादशमीको हार्दिक मंगलमय शुभकामना'. पुढे तपाईं आणि परिवारासाठी सुख, शांती, समृद्धी, दीर्घायुष्य. आणि कचेरीतल्या माणसासाठी हमखास जोडली जाणारी 'उत्तरोत्तर प्रगति'.

आशीर्वाद मात्र बरोबरीच्यांचा नसतो, तो वडीलधाऱ्यांकडून येतो. दही, तांदूळ आणि लाल अबीर कालवून केलेला टीका ते चिमटीने कपाळावर दाबतात आणि घटस्थापनेला पेरलेल्या जवाचे पिवळे कोंब, म्हणजे जमरा, डोक्यावर ठेवतात किंवा कानामागे खोचतात. अंधाऱ्या खोलीत वाढवल्यामुळे ते पिवळे राहतात. आपल्याकडे घटातले धान टोपीत खोचतात, तसेच हे. मग हातात दक्षिणा येते. हे चालू असतानाच पुरुषांना संस्कृत आशीर्वाद मिळतो: अश्वत्थाम्याचे आयुष्य, दशरथाची श्री, रामाचा शत्रुनाश, कर्णाचे दान, बलरामाचे बळ, विदुराचे ज्ञान, नारायणाची कीर्ती लाभो. मान मात्र दुर्योधनाचा मागितलेला असतो. ज्याचे जे थोर ते घ्यावे, माणूस कोण हे पाहू नये, ही उदारता मला फार आवडते. स्त्रियांसाठी दुर्गेच्या नावांचा मंत्र म्हणतात. ज्यांना संस्कृत येत नाही ते आपल्या बोलीत म्हणतात, 'चिताएको पुगोस्', मनात आहे ते पुरे होवो. सगळ्यांचा टीका लालच असतो असे नाही. राई, लिंबू, मगर समाजातले बरेच जण पांढरा लावतात आणि काही घरे दसैं पाळतच नाहीत. म्हणून सहकारी कोणत्या घरचा आहे तेही पाहावे लागते.

२०२० मध्ये साथीमुळे गावी जाता आले नाही. अनेकांनी फोनच्या पडद्यावर आजीचे बोल ऐकले आणि टीका स्वतःच्या हाताने लावला. २०२४ मध्ये दसैंच्या तोंडावर महापूर आला. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या आंदोलनात सत्तरहून अधिक जणांचा जीव गेला आणि काही आठवड्यांत विजयादशमी आली. तेव्हा मी पुन्हा आधी घरची विचारपूस लिहिली. उत्तर आल्यावरच शुभकामना पाठवली. कोजागरीपर्यंत टीका चालतो, त्यामुळे उशीर झाला असे कुणी मानले नाही.