पंपघराचे खांब आणि अहवालाचे शेवटचे पान

सभासद बंधू-भगिनींनो,

नदीकाठच्या आपल्या उपसा योजनेच्या पंपघराच्या खांबांना चिरा दिसल्या, म्हणून काँक्रीट न फोडता त्याची तपासणी करून घेतली. अहवाल आला आणि बैठकीत तात्यांनी थेट विचारले, "साहेब, पैसे मोजून घेतले, आन् शेवटच्या पानावर हात वर केले. खांब किती वर्षं टिकणार ते लिहिलंच नाही की!" प्रश्न रास्त आहे. आम्ही काही इमारतीचे इंजिनिअर नाही. पण तपासणीच्या दिवशी आम्ही तिथे हजर होतो, आणि नंतर अहवाल इंजिनिअर साहेबांकडून ओळीओळीने समजून घेतला. तेच येथे मांडतो.

तपासणीची साधने दोन. पहिले उसळी हातोडा. गिलावा काढून, खरखरीत दगडाने पृष्ठभाग घासून, हातोडा खांबाला काटकोनात दाबला की आतला दांडा आदळून मागे उसळतो. उसळी जितकी जास्त, तितका पृष्ठभाग कठीण. एका जागी असे अनेक ठोके घेऊन सरासरी काढतात. दुसरे साधन लहरीचे. खांबाच्या समोरासमोरच्या बाजूंना ग्रीस लावून दोन डब्या दाबून धरतात. एकीतून सोडलेली लहर दुसरीपर्यंत किती वेळात पोचते ते यंत्र दाखवते. आत पोकळी असली की लहर वळसा घालून जाते आणि उशिरा पोचते.

आता आपले खांब पाहू. खांबाची जाडी ३० सेंटिमीटर. तीन नंबरच्या खांबावर हातोड्याची उसळी ४२ आली, म्हणजे उत्तम. पाच नंबरला फक्त २६. नुसता हातोडा आणला असता, तर आपण पाच नंबर दुरुस्त करून तीन नंबर तसाच सोडला असता.

लहरीने उलट सांगितले. पाच नंबरमधून ती सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी ७० भागांत पार झाली. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ४.३ किलोमीटर, हा चांगला. तीन नंबरच्या पायथ्याशी मात्र १०० भाग लागले, म्हणजे वेग नेमका ३ किलोमीटर. साडेतीनच्या खाली वेग आला की काँक्रीट शंकास्पद धरून पुढची तपासणी करतात.

असे का व्हावे? हातोडा फक्त वरची कातडी तपासतो. जुन्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन वायू मुरतो आणि वरचा थर कठीण होतो, त्यामुळे उसळी फसवी वाढते. पाच नंबरवर पंपाच्या गळतीचे पाणी सतत झिरपत होते, आणि ओल्या पृष्ठभागावर उसळी कमी येते. शेतात रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स पाहताना आपण हेच अनुभवतो. शेंड्याच्या कांड्याचा आकडा वेगळा, बुडख्याचा वेगळा. पाणी दिल्यावर आणखी वेगळा. एका थेंबावरून सगळ्या फडाचा उतारा कोणी सांगत नाही.

लहरही फसते. गजाच्या कडेने गेली तर लवकर पोचते, कारण लोखंडात तिचा वेग जास्त. चिरेत पाणी भरलेले असेल तर ती पाण्यातून पार होते आणि चीर झाकली जाते. म्हणून गजांची जागा आधी शोधून, त्यांना टाळून डब्या धरल्या होत्या.

आता ते शेवटचे पान. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. हातोड्यावरून काढलेली ताकद हा अंदाज आहे. १९९२ च्या भारतीय मानकानेच त्यात २५ टक्के इकडेतिकडे धरायला सांगितले होते. म्हणजे २० म्हटले तर खरी ताकद १५ असेल किंवा २५ असेल. दुसरे, गज किती गंजले हे या दोन्ही साधनांना दिसत नाही; त्याची तपासणी निराळी. तिसरे, खांब किती भार पेलेल वा किती वर्षे टिकेल हे या आकड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी गज, माप आणि भार धरून हिशेब करावा लागतो.

म्हणून तीन नंबरला आधी टेकू दिले आणि पायथ्याशी काँक्रीटचा गोल नमुना कापून काढला. आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळ जागा निघाली. भरताना खडी एकीकडे नि सिमेंट दुसरीकडे झालेले. ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलिन फवारले तेव्हा बाहेरचा २५ मिलिमीटर थर पांढराच राहिला, आतले काँक्रीट गुलाबी झाले. गज ४० मिलिमीटर आत होता, म्हणजे या जागी तो अजून सुरक्षित थरात आहे. दुसऱ्या जागेबद्दल हे म्हणता येणार नाही.

तात्यांना आमचे उत्तर इतकेच. हात वर केले असते तर ४२ चा आकडा दाखवून "खांब मजबूत" असे लिहून ते मोकळे झाले असते. शेवटच्या पानामुळेच आपण नमुना काढला. आता तीन नंबरच्या दुरुस्तीचा आराखडा इंजिनिअर साहेब करीत आहेत. तोवर टेकूंना कोणी हात लावू नये, आणि पाच नंबरजवळची गळती आधी बंद करावी.

आपला,
ऊस विकास अधिकारी